सोया मेणबत्तीच्या वर्णनात तास कसे लिहावेत

म्हापशाच्या बाजारात विकायच्या सोया मेणबत्तीवर जळण्याचा काळ अंदाजाने लिहू नये. एक नमुना वजन करून, पंखा बंद ठेवून चार तास जाळावा आणि विझवून पुन्हा तोलावा. 180 ग्रॅम मेणातून 24 ग्रॅम घटले, तर ताशी 6 ग्रॅम या हिशेबाने 30 तास भरतात, परंतु तळाशी थोडे मेण उरले असतानाच ज्योत विझवायची असल्याने ‘सुमारे 26 तास’ लिहिणेच रास्त. सुगंध कृत्रिम तेलाचा असल्यास तसे सांगून ‘बकुळीसारखा, लहान खोलीत जाणवणारा’ एवढेच म्हणावे. ‘ताण घालवणारा’ हा दावा नकोच. पहिल्यांदा मेण काठापर्यंत वितळू द्यावे, अन्यथा मधोमध खळगा पडतो, आणि दर वेळी वात 5 मिलिमीटरपर्यंत कापावी, हेही लिहावे.