ब्रिटनमधील भाड्याच्या घरात बल्ब बदलताना

इंग्लंडमध्ये नव्याने राहायला आलेल्यांनी जुना बल्ब फेकण्याआधी त्याचे दोन फोटो जरूर काढावेत. एक फोटो बुडाचा असावा आणि त्यात शेजारी मोजपट्टी ठेवावी; दुसरा फोटो बल्बवर छापलेल्या अक्षरांचा असावा. दिवा बंद करून बल्ब पूर्ण थंड झाल्यावरच तो काढावा, कारण जुने हॅलोजन बल्ब फार तापतात.

दोन बाजूंना खुंट्या असलेला, दाबून फिरवायचा बल्ब आपल्या ओळखीचा आहे. त्याचे नाव B22, म्हणजे बुडाचा व्यास २२ मिलिमीटर. भारतात आणि इथे वीज साधारण २३० व्होल्टचीच असल्याने त्याबाबत अडचण येत नाही. आट्यांच्या बल्बात मात्र E27 आणि E14 असे दोन आकार सर्रास आढळतात. एकट्या फोटोत ते सारखेच भासतात आणि मोजपट्टी असली की २७ व १४ मिलिमीटरमधला फरक लगेच कळतो.

खरी फसगत स्वयंपाकघराच्या छतात बसवलेल्या छोट्या दिव्यांत होते. नव्याने आलेल्या एका कुटुंबाने दुकानातून GU10 बल्ब आणले, परंतु ते होल्डरमध्ये बसेनात. त्यांनी पाठवलेल्या फोटोत जुन्या बल्बच्या पिना बारीक, सरळ आणि एकमेकींपासून साधारण ५ मिलिमीटरवर होत्या, तर GU10च्या पिना जाड, टोकाला बोंडासारख्या आणि १० मिलिमीटर अंतरावर असतात. काचेवर ‘12V 50W’ असे छापलेले होते, म्हणजे तो GU5.3 प्रकारचा, छतातील ट्रान्सफॉर्मरवर चालणारा बल्ब होता. दोन्ही बल्बांचे तोंड समोरून जवळजवळ सारखेच दिसते, म्हणून केवळ समोरचा फोटो दाखवून खरेदी करू नये.

त्यांनी १२ व्होल्टचा, ५ वॉटचा एलईडी बल्ब लावला, तेव्हा तो लुकलुकू लागला. बल्ब सदोष नव्हता. प्रत्येक दिव्याच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवर ‘20–60VA’ असे लिहिलेले होते, म्हणजे किमान २०, ढोबळमानाने २० वॉट, इतका भार मिळाल्याशिवाय तो नीट चालत नाही, आणि नवा बल्ब जेमतेम ५ वॉटचा होता. अशा वेळी जास्त वॉटचा बल्ब शोधत बसू नये; घरमालकाला कळवून इलेक्ट्रिशियनकडून जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या जागी एलईडीला वीज पुरवणारा ड्रायव्हर बसवून घ्यावा.

वॉट जुळवणे म्हणजे जुनाच आकडा घेणे नव्हे. दिव्यावर ‘Max 60W’ लिहिलेले असेल, तर ती उष्णतेची मर्यादा असते. जुन्या ६० वॉटच्या बल्बइतका उजेड हवा असल्यास वेष्टनावर सुमारे ८०० ल्युमेन पाहावे. तेवढा उजेड साधारण ८ ते ९ वॉटचा एलईडी देतो.