या चुका टाळा: इंडक्शनवर ‘चालणारं’ भांडं आणि इंडक्शनचं भांडं

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या इंडक्शन शेगड्यांपैकी बऱ्याच शेगड्या बिघडलेल्या नसतात. ‘तापतच नाही’, ‘मधेच बंद पडते’, ‘मधोमध करपतं’ या तीन तक्रारी आल्या की मी शेगडी उघडत नाही, आधी घरचं भांडं घेऊन यायला सांगतो. लोकांना ते टाळाटाळ वाटते. पण इंडक्शनमध्ये भांडं हा शेगडीचाच अर्धा भाग असतो. गॅसवर आग बाहेर असते, भांडं फक्त ती घेतं. इथे काचेखाली तांब्याची कॉइल असते, तिच्यामुळे भांड्याच्या बुडात वीज फिरते आणि बूड स्वतःच तापतं. बूड चुकीचं असेल तर शेगडी कितीही महागाची घ्या, उपयोग नाही.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे चुंबक चुकीच्या जागी लावणं. आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी दुकानात जाताना फ्रिजवरचा चुंबक बरोबर नेला होता. एवढी काळजी घेतली, म्हणून मला त्यांचं कौतुकच वाटतं. स्टीलचं छान जड भगुणं निवडलं, काठाला चुंबक लावला, चिकटला, घेऊन आल्या. घरी ते शेगडीवर ठेवलं की टीं-टीं आवाज आणि पडद्यावर E0. कधीमधी चालू व्हायची, मिनिटभरात पुन्हा बंद. मुलगा दोनदा शेगडी घेऊन माझ्याकडे आला. दोन्ही वेळा मी माझ्या लोखंडी पॅनमध्ये पाणी उकळून दाखवलं आणि परत दिली. तिसऱ्या वेळी म्हटलं, भगुणं आणा. काकू स्वतः घेऊन आल्या.

‘अहो, चुंबक तर चिकटला होता की! माझ्यादेखत चिकटला.’

‘काकू, आता बुडाला लावून बघा.’

बुडाला लावला तर घरंगळून खाली पडला. काठाला लावला तर पुन्हा धरला, पण नुसता अडकल्यासारखा.

हे का होतं ते एकदा समजून घ्या, मग फसणार नाही. आपली बरीचशी चांगली स्टीलची भांडी ३०४ नावाच्या स्टीलची असतात, त्यालाच १८/८ म्हणतात. स्वस्तातली पुष्कळ भांडी २०२ ची असतात. दोन्ही मुळात चुंबकाला धरत नाहीत. पण पत्रा प्रेसमध्ये ओढून भांडं करताना काठाकडे सगळ्यात जास्त ताण येतो आणि तेवढ्या भागात स्टीलची आतली रचना बदलून ते थोडंसं चुंबकीय होतं. बूड फारसं ओढलं जात नाही, म्हणून ते होतं तसंच राहतं. शेगडीला काठ दिसतच नाही, तिला फक्त बूड कळतं. इंडक्शनसाठी बुडाला ४३० सारखं चुंबकाला धरणारं स्टील लागतं, नाहीतर लोखंड किंवा बीड.

म्हणून माझी पद्धत अशी. जुन्या स्पीकरचा चुंबक खिशात ठेवायचा. जाहिरातीचे रबरी पातळ चुंबक चाचणीला घेऊ नका, ते चांगल्या बुडालाही जेमतेम धरतात. भांडं पालथं करायचं आणि चुंबक बुडाच्या बरोबर मध्यावर लावायचा. तो ‘टक्’ करून बसला पाहिजे आणि काढताना हाताला ओढ जाणवली पाहिजे. मग मध्ये पोस्टकार्डाएवढा जाड कागद ठेवून पुन्हा लावायचा. तरी धरला तर भांडं घ्यायचं. नुसता कसाबसा लटकला तर नाही. ‘चालेल हो, चिकटतोय ना’ म्हणणाऱ्या दुकानदाराशी मी वाद घालत नाही, भांडं खाली ठेवतो.

एवढ्यावर थांबू नका, चुंबक मध्यापासून कडेपर्यंत फिरवा. अॅल्युमिनियमच्या कुकर-कढयांना खाली स्टीलची चकती दाबून बसवलेली असते, कधी ती भोकाभोकांची असते. बूड २० सेंटिमीटरचं आणि चकती १४ ची असेल तर तापणार तेवढी चकतीच. कडेचं अॅल्युमिनियम तिच्याकडून उष्णता घेतं खरं, पण शेगडीला भांडं प्रत्यक्षापेक्षा लहान वाटतं आणि ती पूर्ण ताकद देत नाही. चुंबक कुठे सुटतो तिथे बोटाने खूण करा, खरं ‘इंडक्शन बूड’ तेवढंच.

दुसरी चूक माझ्या बहिणीच्या घरी मी स्वतः उभा राहून पाहिली. तिची कढई चुंबकाला अगदी घट्ट धरणारी, पण बूड पत्र्यासारखं पातळ. साबुदाण्याची खिचडी करायची होती. तिने गॅसच्या सवयीने शेगडी १६०० वॅटवर लावली, तूप टाकलं आणि जिऱ्याच्या डब्याकडे वळली. डबा उघडेपर्यंत तुपाचा धूर. मग घाबरून एकदम कमी केलं, साबुदाणा टाकला. थोड्या वेळाने ढवळलं तर खाली बांगडीएवढं तपकिरी कडं, आत आणि बाहेर साबुदाणा पांढरा, कच्चा. तिला वाटलं शेगडीतच दोष आहे.

दोष बुडाच्या जाडीत होता. लोकांना वाटतं की जाड बूड असलं की ते तापायला वेळ लागतो, म्हणून पातळ बरं. घाईचा हा हिशेब इथे उलटा पडतो. चुंबकीय बुडात उष्णता तयार होते ती अगदी खालच्या, केसाएवढ्या थरात, आणि तीही कॉइल जिथे आहे त्या गोल पट्ट्यात. मध्यावर कॉइल नसते. म्हणजे जाडी उष्णता तयार करायला लागत नाही, ती पसरवायला लागते. आणि स्टील स्वतः उष्णता पसरवण्यात फार कमी पडतं. अॅल्युमिनियम हे काम दहापटीहून चांगलं करतं. म्हणून आत ३०४, मध्ये अॅल्युमिनियम, बाहेर ४३० अशा तीन थरांचं भांडं इंडक्शनवर सगळ्यात शहाण्यासारखं वागतं. पूर्ण भांडं तीन थरांचं असेल तर एकूण अडीच मिलिमीटर जाडी मला पुरते. फक्त बुडाला जाड थर बसवलेला असेल तर मी साधारण पाच मिलिमीटरचा बघतो, कडेने तो थर डोळ्यांना दिसतो.

कमी आचेचंही तसंच. बऱ्याच घरगुती शेगड्या ३०० वॅटवर सलग चालत नाहीत, त्या काही सेकंद जोरात चालतात आणि काही सेकंद बंद राहतात. पातळ बुडात दूध उसळतं, बसतं, पुन्हा उसळतं आणि शेवटी लागतं. जाड बूड मधला वेळ उष्णता धरून ठेवतं, म्हणून त्याच शेगडीवर बासुंदी होते.

त्यात बहिणीची कढई वाकलेलीही होती. रिकामी, पूर्ण ताकदीवर तापवून लगेच गार पाणी ओतलं की पातळ बूड वाकतंच. काचेखाली मध्यावर तापमान मोजणारा सेन्सर असतो. मध्यावर बूड काचेपासून उचललेलं असलं की त्याला भांडं किती तापलंय हे उशिरा कळतं, तोवर फोडणी जळालेली असते. दुकानात स्टीलची पट्टी बुडावर आडवी धरून बघा. गार असताना मध्ये कागदभर फट असेल तर हरकत नाही, तापल्यावर ती भरते. बूड बाहेर फुगलेलं असेल आणि भांडं काचेवर भिंगरीसारखं फिरत असेल तर घेऊ नका.

घरी आणल्यावर मी एक लिटर पाण्याची परीक्षा घेतो. २७ अंशांचं एक लिटर पाणी उकळायला साधारण ३०६ किलोज्यूल लागतात. शेगडी १५०० वॅटवर, झाकण ठेवून. चार मिनिटांत ३६० किलोज्यूल वीज जाते. म्हणजे चार मिनिटांच्या आसपास खळखळ उकळी आली तर शंभरातली पंच्याऐंशी उष्णता पाण्यात गेली, भांडं उत्तम. सहा-सात मिनिटं लागली तर बूड शेगडीशी जुळत नाही. मात्र जास्त वेळ लागला म्हणजे तेवढीच जास्त वीज जळाली असं नसतं, कारण न जुळणाऱ्या भांड्याला शेगडी वीजच कमी देते. खरा आकडा हवा तर प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर वापरा. पाणी घालून मंद आचेवर बुडबुडे कुठून उठतात तेही बघा. एकाच बारीक कड्यातून उठले तर तिथेच करपणार.

गॅसशी तुलना करतानाही लोक घोळ घालतात. ‘इंडक्शन दुप्पट स्वस्त’ हे सरसकट खरं नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. गॅसच्या शेगडीवर आयएसआय खूण असेल तर तिची प्रयोगशाळेतली कार्यक्षमता किमान ६८ टक्के असायला हवी. घरी लहान पातेल्याच्या कडेने ज्वाला बाहेर जातात, वारा असतो, म्हणून मी ६० टक्के धरतो. म्हणजे कामाची उष्णता १०८ युनिट. तीच इंडक्शनवर ८५ टक्क्यांनी मिळवायला सुमारे १२७ युनिट वीज लागेल. आता तुमच्या बिलात शेवटच्या युनिटला जो दर पडतो त्याने १२७ ला गुणा आणि सिलिंडरच्या किमतीशी ताडून बघा. सगळे आकार धरून दर काढा, नुसता वीज आकार नको. आणि हे ८५ टक्के चांगल्या बुडाचे आहेत.

अॅल्युमिनियमच्या जुन्या भांड्याखाली ठेवायची लोखंडी चकती घेऊन ही बचत करू म्हणणाऱ्यांना मी स्पष्ट नको म्हणतो. चकती तापते, मग भांडं तापतं, मधली हवा उष्णता अडवते, काच भाजते आणि सेन्सर शेगडी बंद करतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. तांब्याचं बूड दिसायला सुंदर, पण इंडक्शनला नको. पितळेचं, कल्हई केलेलं असलं तरी, नको. खोलगट भाकरीचा तवा नको, सपाट बिडाचा तवा घ्या. पण तो पहिली पाच मिनिटं ६०० ते ८०० वॅटवरच तापवा, आणि काचेवर ओढू नका, उचलून ठेवा. चहाचं दहा सेंटिमीटरचं पातेलं बहुतेक शेगड्यांना कळतच नाही, बूड निदान १२ सेंटिमीटरचं हवं.

काकूंचं भगुणं गॅसवर उत्तम चालतं. इंडक्शनसाठी त्यांनी १८ सेंटिमीटरचं तीन थरांचं पातेलं घेतलं, आणि बुडाला चुंबक लावून मला आधी दाखवायला आणलं.