धातू, सिमेंट आणि पेसमेकर: इलेक्ट्रोथेरपीच्या एमसीक्यूत या चुका टाळा

इलेक्ट्रोथेरपीच्या पेपरात गुण जातात ते बहुतेक कॉन्ट्राइंडिकेशनच्या प्रश्नांत, आणि तेही यादी पाठ असूनसुद्धा. कारण सरळ आहे. गरोदरपण, कॅन्सर, धातू, पेसमेकर, बधिर त्वचा ही यादी सगळ्या मोडॅलिटींना एकच समजून पाठ केलेली असते. परीक्षक नेमका यातला फरक विचारतो. त्यासाठी प्रत्येक मशीन शरीरात कोणती ऊर्जा सोडतं आणि ती कुठे साठते, एवढं डोक्यात स्पष्ट हवं.

सर्वांत जास्त फसवणारा शब्द म्हणजे ‘धातूचं इम्प्लांट’. तो दिसला की अनेक विद्यार्थी शॉर्टवेव्ह डायथर्मी, अल्ट्रासाऊंड आणि टेन्स या तिन्हींवर एकदम काट मारतात. डायथर्मीवरची काट बरोबर आहे. २७.१२ मेगाहर्ट्झचं विद्युतचुंबकीय क्षेत्र धातूपाशी एकवटतं आणि त्याला लागून असलेली ऊती भाजते. अल्ट्रासाऊंडच्या लहरी मात्र यांत्रिक असतात. धातूवरून त्यांचं मोठं परावर्तन होतं हे खरं, पण धातू उष्णतेचा उत्तम वाहक असल्यामुळे तिथे उष्णता साठून राहत नाही, पसरते. म्हणून हाडात प्लेट किंवा स्क्रू आहे एवढ्यावरून अल्ट्रासाऊंड बाद होत नाही. मात्रा कमी ठेवायची, हेड सतत फिरतं ठेवायचं आणि रुग्णाला विचारत राहायचं.

इथेच दुसरा सापळा लपलेला असतो. अल्ट्रासाऊंडला खरी अडचण धातूची नाही, प्लास्टिक आणि सिमेंटची आहे. सांधा बदलताना वापरलं जाणारं पॉलिइथिलीन आणि मिथाइल मेथाक्रिलेट सिमेंट या लहरी भरपूर शोषतात आणि तापतात. त्यामुळे ‘टिबियात प्लेट’ आणि ‘गुडघ्याचं टोटल रिप्लेसमेंट’ या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी येतात. प्रश्नात फक्त ‘इम्प्लांट’ असं मोघम लिहिलं असेल तर पुढच्या ओळीत शस्त्रक्रियेचं नाव शोधा. बहुतेक वेळा ते तिथे असतंच.

टेन्सचं गणित आणखी निराळं. टेन्समधून उष्णता निर्माण होत नाही. पल्स बायफेजिक आणि संतुलित असेल तर सरासरी डायरेक्ट करंटही शून्य असतो, म्हणून रासायनिक भाजण्याचा प्रश्न येत नाही. आत खोल असलेल्या धातूचं टेन्सला फारसं वावडं नाही. वावडं आहे ते पेसमेकरचं. डिमांड पेसमेकर हृदयाचे विद्युतसंकेत वाचून चालतो. टेन्सच्या पल्सना तो हृदयाचा ठोका समजू शकतो आणि स्वतःचा पल्स द्यायचं थांबवू शकतो. प्रत्यक्ष व्यवहारात हृदयतज्ज्ञांच्या परवानगीने आणि निरीक्षणाखाली अपवाद होतात, पण एमसीक्यूत तो अपवाद गृहीत धरू नका. मानेच्या पुढच्या बाजूला, कॅरोटिड सायनसवर इलेक्ट्रोड न लावण्याचं कारणही असंच लक्षात ठेवण्यासारखं आहे: तिथे उत्तेजना मिळाली तर रक्तदाब आणि नाडी खाली येऊ शकते.

आता एक प्रश्न पूर्ण सोडवून पाहू. ‘६२ वर्षांच्या स्त्रीचं उजव्या गुडघ्याचं सिमेंटेड टोटल रिप्लेसमेंट ३ महिन्यांपूर्वी झालं. जखम पूर्ण भरलेली आहे, सूज किंवा जंतुसंसर्ग नाही. छातीत डिमांड पेसमेकर आहे. व्यायामाआधी मांडीच्या पुढच्या स्नायूंचा ताठरपणा कमी करायचा आहे. त्वचेची संवेदना आणि रक्ताभिसरण चांगलं आहे. सर्वांत सुरक्षित मोडॅलिटी कोणती?’ पर्याय: गुडघ्यावर कंटिन्युअस अल्ट्रासाऊंड, शॉर्टवेव्ह डायथर्मी, टेन्स, मॉइस्ट हॉट पॅक.

डायथर्मी दोन कारणांनी गेली, धातू आणि पेसमेकर. अल्ट्रासाऊंड पेसमेकरमुळे गेलेलं नाही, कारण हेड पेसमेकरच्या जागेपासून लांब आहे. ते सिमेंट आणि पॉलिइथिलीनमुळे गेलं. टेन्स पेसमेकरमुळे गेलं, धातूमुळे नव्हे. उरला हॉट पॅक. त्याची उष्णता साधारण १ ते २ सेंटीमीटरच खोल जाते, त्यामुळे ताठर स्नायूला आराम मिळतो आणि इम्प्लांटला धोका नसतो.

याच प्रश्नात एक-एक शब्द बदला म्हणजे खरी तयारी होते. पेसमेकर काढून टाका आणि ‘ताठरपणा’च्या जागी ‘वेदना’ लिहा: आता टेन्स चालतो. रिप्लेसमेंटऐवजी टिबियाच्या फ्रॅक्चरची प्लेट ठेवा: कमी मात्रेचं अल्ट्रासाऊंड चर्चेत येतं, डायथर्मी अजूनही नाही. मधुमेहामुळे त्या भागाची उष्ण-थंड संवेदना गेलेली आहे असं लिहा: हॉट पॅक बाद. पॅक ७० ते ७५ अंश सेल्सिअसच्या पाण्यातून येतो आणि टॉवेलच्या ६ ते ८ थरांतून लावला तरी ‘फार गरम वाटतंय’ हे सांगणारा रुग्णच असतो. ती सूचना मिळणार नसेल तर भाजल्याचं उशिरा कळतं. म्हणूनच प्रॅक्टिकलमध्ये उष्णतेची कोणतीही मोडॅलिटी लावण्याआधी गरम आणि थंड पाण्याच्या टेस्ट ट्यूबने संवेदना तपासणं वगळलं की गुण कापले जातात. ते योग्यच आहे.

बधिर त्वचा टेन्सलाही अडवते, पण वेगळ्या कारणाने. कन्व्हेन्शनल टेन्सला जाड संवेदी तंतू जागे करावे लागतात. मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेली गेट कंट्रोल थिअरी त्यावरच उभी आहे. तंतूच काम करत नसतील तर मुंग्याही येणार नाहीत आणि वेदनाही कमी होणार नाही. मुंग्या याव्यात म्हणून तीव्रता वाढवत नेली तर त्वचेला इजा होऊ शकते.

अल्ट्रासाऊंडच्या मात्रेच्या गणितात एक चूक वारंवार दिसते. ‘१ वॅट प्रति चौरस सेंटीमीटर, पल्स्ड १:४’ याचं सरासरी उत्तर १ ÷ ४ करून ०.२५ काढतात. १:४ म्हणजे १ भाग चालू आणि ४ भाग बंद, एकूण ५ भाग. म्हणून ड्युटी सायकल २० टक्के आणि काळाची सरासरी धरलेली तीव्रता ०.२ वॅट प्रति चौरस सेंटीमीटर. अक्यूट अवस्थेत पल्स्ड का, याचं उत्तरही याच आकड्यात आहे: उष्णता जवळपास होत नाही, यांत्रिक परिणाम राहतो.

व्हायव्हात एक प्रश्न हमखास येतो: कोपराच्या बाहेरच्या बाजूला अल्ट्रासाऊंड देताना रुग्ण ‘आत हाडात दुखतंय’ म्हणाला, तर काय कराल? ‘जेल कमी पडलं’ हे पहिलं उत्तर नसावं. खोल आणि तीव्र दुखणं म्हणजे हाडाच्या आवरणाला जास्त उष्णता मिळते आहे. हेड हळू फिरतंय किंवा एकाच जागी थांबलंय, किंवा उंचवट्याच्या हाडावर तीव्रता जास्त आहे. आधी तीव्रता कमी करा, हेड सेकंदाला साधारण ४ सेंटीमीटर वेगाने फिरवा, आणि दुखणं तरीही राहिलं तर उपचार थांबवा. इतक्या वरवरच्या कंडरेसाठी १ मेगाहर्ट्झऐवजी ३ मेगाहर्ट्झ का घ्यावं, हा त्याच्या लगेच पाठोपाठचा प्रश्न. ३ मेगाहर्ट्झची ऊर्जा वरच्या १ ते २ सेंटीमीटरमध्येच बरीचशी शोषली जाते, तर १ मेगाहर्ट्झची ऊर्जा ३ ते ५ सेंटीमीटरपर्यंत जाते आणि वाटेत आलेल्या हाडावर आदळते.