ग्रेटिंगने लेझरची तरंगलांबी काढताना या चुका टाळा

या प्रॅक्टिकलमध्ये तरंगलांबी सगळ्यांची बरोबर येते. हेलियम-निऑन लेझरची ६३२.८ नॅनोमीटर ही किंमत सगळ्यांना आधीच माहीत असते, त्यामुळे ती न येऊन सांगते कुणाला! जर्नल तपासताना मी ते उत्तर बघतच नाही, थेट त्याच्यापुढच्या ± वर जातो. खरी गंमत तिथे असते.

उदाहरणासाठी एक नेहमीची मांडणी घेऊ. ग्रेटिंगवर इंचाला १५,००० रेषा, म्हणजे दोन रेषांमधलं अंतर d = १६९३ नॅनोमीटर. फिरत्या हातावर एक फट आणि तिच्यामागे डिटेक्टर, खाली अंशांची गोल पट्टी, व्हर्नियर ०.१ अंशापर्यंत वाचता येतो. पहिल्या ऑर्डरचा ठिपका डावीकडे १५८.१° ला, उजवीकडे २०२.०° ला. फरक ४३.९°, त्याचा निम्मा θ = २१.९५°. सूत्र d sinθ = mλ, m = १. उत्तर ६३३.० नॅनोमीटर. इथपर्यंत कुणी अडखळत नाही.

आता अनिश्चितता. प्रत्येक रीडिंग ±०.१° धरलं, तर दोन रीडिंगच्या फरकाची अनिश्चितता ०.१४° होते (वर्गांची बेरीज आणि वर्गमूळ), आणि फरक निम्मा केल्यावर ती ०.०७° उरते. मग सूत्र असं:

δλ = (d/m) · cosθ · δθ

आणि इथे माझी सर्वांत लाडकी चूक येते. एका बॅचमधल्या एका गटाने १६९३ × ०.९२७५ × ०.०७ असा गुणाकार केला आणि ठळक चौकटीत लिहिलं: ६३३ ± ११० नॅनोमीटर. म्हणजे त्यांचा लेझर ५२३ ते ७४३ च्या मध्ये कुठेही असू शकत होता. ५२३ हा हिरवा रंग आहे, आणि समोर भिंतीवर लालभडक ठिपका दिसत होता. मी विचारलं, "हा ठिपका हिरवा असू शकतो का?" एकजण म्हणाला, "सर, इन्स्ट्रुमेंटच तेवढं अचूक नाहीये." दुसऱ्याने व्हर्नियर सैल असल्याची तक्रार केली आणि दुसरं उपकरण मागितलं. तिसऱ्याने तोवर निष्कर्षात 'ह्यूमन एरर' लिहूनही टाकलं होतं. ही जर्नलमधली अशी गोधडी आहे, जिच्याखाली काहीही झाकतात.

व्हर्नियर उत्तम होता. δθ अंशांत तसाच गुणला होता, तो रेडियनमध्ये हवा. ०.०७° म्हणजे ०.००१२२ रेडियन, आणि मग δλ येतो १.९ नॅनोमीटर. कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर असला तरी sin आणि cos बरोबरच येतात, म्हणून चूक लपून राहते. sin चं डेरिव्हेटिव्ह cos येतं ते कोन रेडियनमध्ये असेल तरच. जो δθ फंक्शनच्या बाहेर एकटा गुणला जातो, त्याला कॅल्क्युलेटरचा मोड वाचवत नाही.

माझी सवय सांगतो. सूत्रावर विश्वास ठेवायच्या आधी मी कोन हाताने ढकलून बघतो. २१.९५° ऐवजी २२.०२° टाका, λ पुन्हा काढा. ६३४.९ येतं. फरक १.९. डेरिव्हेटिव्ह बरोबर आहे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण उतावळ्या मंडळींना तेवढाही धीर नसतो.

दुसरी मोठी चूक ± मध्ये दिसतच नाही, म्हणून जास्त वाईट: एकाच बाजूचं रीडिंग घेणं. "दोन्ही बाजू सारख्याच असतात ना सर" हे वाक्य मला आता झोपेतही ऐकू येतं. सारख्या असतात, पण ग्रेटिंग किरणाला काटकोनात असेल तर. ते ५° तिरकं असेल, तर वरच्या मांडणीत एका बाजूला ठिपका २२.४४° ला येतो आणि दुसऱ्या बाजूला २१.६५° ला. पहिल्यावरून λ निघते ६४६ आणि दुसऱ्यावरून ६२५. दोन्हींपुढे ±४ च्या आसपास लिहिलेलं असणार आणि दोन्ही उत्तरं खोटी. दोन बाजूंची सरासरी घेतली की ६३५.६ येतं, म्हणजे चूक सुमारे ३ वर उतरते, पण शून्य होत नाही. सरासरी तिरकेपणाचा मुख्य भाग खाते, थोडा शिल्लक ठेवते.

म्हणून डावी-उजवी रीडिंगं घेतल्यावर सरळ किरणापासून दोन्ही कोन वेगवेगळे मांडा आणि आधी ते ताडून बघा. दोन्हींत एखाद-दोन दशांश अंशाचा फरक असेल तर तो वाचनातलाच आहे. पाऊण अंशाचा असेल तर ग्रेटिंग तिरकं आहे. गणित थांबवा आणि मांडणीकडे परत जा. दुरुस्ती सोपी आहे. ग्रेटिंगच्या काचेवरून परतणारा फिका ठिपका शोधा आणि ग्रेटिंग फिरवून तो लेझरच्या तोंडावर आणा. ५° तिरकेपणाला परतीचा किरण १०° वळतो, म्हणजे ३० सेंटीमीटरवर ठिपका ५ सेंटीमीटर बाजूला पडतो. हे न दिसायला मुद्दाम डोळे मिटावे लागतात. (डोळ्यांवरून आठवलं: सोडियम दिव्याच्या सवयीने स्पेक्ट्रोमीटरच्या दुर्बिणीला डोळा लावू नका. लेझरला कधीच नाही.)

याच ठिकाणी हुशार विद्यार्थीही एक गफलत करतात. डावा कोन = सरळ वजा डावं, उजवा कोन = उजवं वजा सरळ, प्रत्येकाची अनिश्चितता ०.१४°, मग सरासरीची ०.१°. पण दोन्हींत सरळ किरणाचं रीडिंग तेच आहे, एकदा अधिक आणि एकदा उणे. सरासरीत ते कटून जातं आणि उरतं उजवं वजा डावं, भागिले दोन. म्हणून ०.०७°. जे उत्तरात नाहीच, त्याची अनिश्चितता मोजायची कशाला?

दुसरी ऑर्डर सोडून देऊ नका. ती ४८.४° च्या आसपास सापडते. तिथे cosθ लहान होतो आणि m = २ ने भागही जातो, त्यामुळे त्याच ०.०७° वर δλ १.९ वरून ०.७ वर येतो. ठिपका फिका असतो म्हणून मुलं ती टाळतात. पण फिका ठिपका वाचणं कठीण गेलं, तर त्या रीडिंगची अनिश्चितता ०.१° पेक्षा मोठी धरा. नेहमीचा आकडा तिथे चिकटवू नका. तिसरी ऑर्डर शोधण्यात वेळ घालवू नका, या ग्रेटिंगला sinθ एकच्या वर जातो.

उपकरणाचा हात न हलवता तेच रीडिंग N वेळा वाचून अनिश्चिततेला √N ने भागणं म्हणजे स्वतःची फसवणूक. हात दूर नेऊन पुन्हा ठिपक्यावर आणा, आणि दर वेळी एकाच दिशेने.

६३२.९६३ ± १.९१९ लिहू नका. ६३३ ± २ पुरे.

आणि ६३२.८ शी तुलना करून काढलेला ०.०३ टक्के फरक ± च्या जागी लिहू नका. तो फरक तुमचं उत्तर त्या किंमतीच्या किती जवळ पडलं ते सांगतो, आणि ते योगायोगानेही पडू शकतं. तुमच्या कोनांनी ते कुठपर्यंत ठरवता येतं, हे δλ सांगतो. ज्या लेझरची किंमत पुस्तकात नाही, तो समोर ठेवला तर तुमच्या हातात फक्त δλ असेल.