विक्री लागली, आता नमुना आठवर नाव चढवायची तयारी

गावातलं घर घेतलं, निबंधक कार्यालयात विक्री लागली, किल्ली हातात आली, की काम संपलं असं बऱ्याच जणांना वाटतं. पुढच्या वर्षी घरटॅक्सची पावती जुन्याच मालकाच्या नावाने निघते तेव्हा ग्रामपंचायतीची आठवण होते. निबंधकाकडून किंवा पटवाऱ्याकडून नाव आपोआप ग्रामपंचायतीत जाईल, या भरवशावर राहू नका. नमुना आठवर फेरफार हवा असेल तर अर्ज आपणच द्यायचा. हा अर्ज बहुतेक वेळा अडतो तो सचिवामुळे नाही, कागद एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून. तयारीचा खरा वेळ या जुळवणीलाच द्यावा.

आधी शब्द नीट समजून घेऊ, कारण इथेच चुकीची खिडकी गाठली जाते. पटवाऱ्याकडचा आठ-अ हा शेतीच्या खात्याचा असतो. ग्रामपंचायतीतला नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंदवही. गावात त्यालाही आठ-अच म्हणतात आणि मग माणूस पटवारी आणि ग्रामपंचायत यांच्यात फिरत राहतो. याच नोंदवहीवरून दरवर्षी नमुना 9 म्हणजे कर मागणीची वही तयार होते, आणि पैसे भरले की नमुना 10 ची पावती फाटते. नमुना 8 हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. मालकी विक्रीपत्राने येते आणि ग्रामपंचायत त्यावरून फक्त कर कोणाकडून घ्यायचा ते लिहिते. तरी घरकुल, बँकेचं कर्ज, विजेच्या मीटरवरचं नाव अशा कामांसाठी पहिल्यांदा हाच उतारा मागतात, म्हणून तो बरोबर असायला हवा.

आता घरातच, अर्ज लिहिण्याच्या आधी, कागद एका चटईवर मांडा. नोंदणीकृत विक्रीपत्र, त्याची सूची क्रमांक 2, विकणाऱ्याच्या नावाचा ताजा नमुना 8 आणि चालू वर्षापर्यंतची कर पावती. घर आबादीत असेल आणि गावाची ड्रोन मोजणी झालेली असेल (2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतली), तर आखीव पत्रिकाही. प्लॉट ले-आउटमधला असेल तर आखीव पत्रिकेऐवजी सातबारा. प्रत्येक कागदावर पेन्सिलीने पाच गोष्टींखाली रेघ ओढा: मालकाचं पूर्ण नाव, घर क्रमांक किंवा मालमत्ता क्रमांक, क्षेत्रफळ आणि त्याचं माप, चतुःसीमा, बांधकामाचं वर्णन. जिथे दोन कागद वेगळं बोलतात, तिथेच तुमचा अर्ज अडणार आहे.

शंभर किंवा पाचशेच्या स्टँपवर लिहून नोटरी केलेला कागद म्हणजे विक्री नाही. शंभर रुपये आणि त्यावरच्या किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीशिवाय पूर्ण होत नाही, असं 1908 चा नोंदणी कायदा आणि मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा सांगतात. असा कागद घेऊन गेलात तर सचिव फार तर भोगवटादाराच्या रकान्यात नाव लिहील. ते घेऊन समाधान मानू नका. नमुना 8 मध्ये मालकाचा आणि भोगवटादाराचा असे दोन वेगळे रकाने असतात. नाव कोणत्या रकान्यात गेलं ते बोट ठेवून बघायचं.

एक प्रकरण सविस्तर पाहू, म्हणजे जुळवणी कशी करायची ते कळेल. समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मौजात तुम्ही आबादीतलं घर घेतलं. विक्रीपत्रात जागा 30 बाय 40 फूट, म्हणजे 1,200 चौरस फूट. त्यावर 20 बाय 25 फुटांचं विटामातीचं कवेलूचं घर, मागे सांदवाडी. विक्री दोन भावांनी लावून दिली. नमुना 8 काढला तर त्यावर नाव आहे त्यांच्या वडिलांचं, आणि ते वारून सहा वर्षं झालेली. क्षेत्रफळाच्या रकान्यात लिहिलंय 1,200 आणि रकान्याच्या डोक्यावर छापलंय चौरस मीटर. वर्णनात स्लॅबचं घर.

इथे तीन वेगवेगळ्या चुका आहेत आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे.

पहिली सगळ्यात जड, नावाची. वहीत वडील, विकणारे मुलगे. मधला दुवाच नाही. सचिवाला वडिलांवरून थेट तुमच्यावर उडी घेता येत नाही. आधी वारसांचा फेरफार, मग खरेदीचा. त्यासाठी वडिलांचा मृत्यू दाखला आणि सगळ्या वारसांची नावं लागतात, फक्त सह्या करणाऱ्यांची नाही. आई हयात आहे का, बहिणी किती, एखादा भाऊ वारला असेल तर त्याची बायको-मुलं कोण, हे सगळं विचारून घ्या. लग्न होऊन गेलेली बहीणही वारसच असते. विक्रीपत्रावर तिची सही नसेल आणि फेरफाराच्या वेळी तिने लेखी हरकत दिली, तर ग्रामपंचायत त्या वादाचा निकाल देऊ शकत नाही. कोणाचा हिस्सा किती हे दिवाणी न्यायालयाचं काम. म्हणून अर्ज द्यायच्या आधी विकणाऱ्यांसोबत बसा, आई-बहिणींशी बोला आणि राहिलेल्या हिश्श्याचा नोंदणीकृत दस्त करून घ्या. दस्त कोणत्या प्रकारचा लावायचा ते वकिलाला विचारून ठरवा. साध्या कागदावर घेतलेली संमती पुढे टिकत नाही. पैसे दिल्यावर हे काम करायला गेलं तर त्रास दुप्पट होतो. खरं तर इसार देण्याआधीच नमुना 8 हातात घ्यायला हवा होता.

याउलट, वहीत विकणाऱ्याचंच नाव असेल, तर त्याला पुन्हा संमतीपत्रासाठी बोलवायची गरज नसते. नोंदणीकृत विक्रीपत्रावर त्याने सही केली तीच त्याची संमती. कोणी मागितलं तर हेच शांतपणे सांगा आणि सूची 2 पुढे ठेवा.

दुसरी चूक मापाची. 1,200 चौरस फूट म्हणजे 111.48 चौरस मीटर (फुटांना 10.764 ने भागायचं). वहीतले 1,200 हे खरोखर चौरस मीटर धरले तर जागा 12,900 चौरस फुटांच्या वर जाते, जवळपास पावणेअकरा पट. कर क्षेत्रफळावर आधारलेल्या भांडवली मूल्यावर बसत असल्यामुळे जागेवरची आकारणीही तितक्याच पटीने फुगते. फुटांचा आकडा मीटरच्या रकान्यात तसाच उतरवला गेला की असं होतं. ओळखायची सोपी खूण अशी, की शेजारच्या तेवढ्याच घराची पावती मागून बघा. त्याच्या आणि तुमच्या रकमेत दहापटीच्या आसपास फरक असेल तर माप तपासा. आकारणी घराची आणि मोकळ्या जागेची वेगवेगळी होत असेल, तर इथे घर 500 चौरस फूट म्हणजे 46.45 चौरस मीटर आणि मोकळी जागा 65.03 चौरस मीटर, असे दोन्ही आकडे अर्जात लिहून द्या. सचिवाला हिशेब करायला लावू नका.

तिसरी चूक वर्णनाची. कवेलूच्या घराला स्लॅबचा दर लागलाय. याला कागद पुरत नाही, जागेवर पाहणी लागते. घराचे समोरून, छताचे आणि सांदवाडीचे असे तीन-चार फोटो तारखेसह काढा आणि अर्जाला जोडा. पुढे तुम्ही खरंच स्लॅब टाकलात तर तेही कळवावं लागेल, हे लक्षात असू द्या.

आमचं मत असं, की नाव बदलायचा अर्ज आणि मापाची दुरुस्ती या दोन वेगळ्या कागदांवर द्याव्यात. नावाचा विषय मासिक सभेपुढे जाऊन ठरावाने मंजूर होतो, दुरुस्तीला पाहणी आणि फेरआकारणी लागते. दोन्ही एकाच अर्जात घातलं तर पाहणी होईपर्यंत नावही लटकतं. आपल्या उदाहरणात नावाच्या अर्जात वारस फेरफार आणि खरेदी फेरफार असे दोन विषय क्रमाने लिहा आणि वारसाच्या भागावर मुलांच्याही सह्या घ्या.

अर्जाची भाषा साधी ठेवा. विषयात मालमत्ता क्रमांक, वॉर्ड आणि मौजा आलाच पाहिजे. मजकूर असा: «वरील मालमत्ता मी दिनांक अमुक रोजी दुय्यम निबंधक कार्यालय, दारव्हा येथील दस्त क्रमांक अमुक अन्वये खरेदी केली आहे. तरी नमुना 8 मधील मालकाच्या रकान्यातील नाव कमी करून माझे नाव दाखल करावे व त्याप्रमाणे नमुना 9 मध्येही नोंद घ्यावी.» शेवटचं वाक्य विसरू नका. नमुना 8 बदलतो आणि मागणीच्या वहीत जुनं नाव राहतं, मग मार्चमध्ये पावती पुन्हा जुन्याच नावाने. तुमचं नाव आधार कार्डावर आहे तसं, विक्रीपत्रातही तेच, हे आधी पाहा. «रा.» की «रामराव», आडनावाचं स्पेलिंग नाही तर मराठी लिखाण महत्त्वाचं, कारण वही मराठीत असते.

थकबाकी आधी भरून टाका. घरपट्टीसोबत दिवाबत्ती, आरोग्य आणि पाणीपट्टी कोणत्या वर्षापर्यंत भरली ते प्रत्येक रकान्यात बघा. बरेचदा घरपट्टी भरलेली आणि पाणीपट्टी तीन वर्षांची राहिलेली असते. शेरा किंवा बोज्याच्या रकान्यात बँकेची किंवा सोसायटीची नोंद दिसली, तर कर्जफेडीचं पत्र आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक ठेवून द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घ्यायचा. मूळ विक्रीपत्र दाखवायला सोबत असू द्या, पण सोडून येऊ नका, झेरॉक्सच द्या. मासिक सभेची नोटीस निघायच्या आधी अर्ज पोचला पाहिजे, नाहीतर विषय पुढच्या महिन्यावर जातो. म्हणून सचिवाला (2024 पासून पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) सभेची तारीख विचारूनच जा. सभा झाल्यावर ठराव क्रमांक आणि तारीख विचारा, कारण वहीत त्याच आधारे नोंद होते. दोन सभा उलटूनही काही कळलं नाही, तर आवक क्रमांकाचा हवाला देऊन लेखी स्मरणपत्र द्या. त्यानंतर अर्जावर काय कार्यवाही झाली आणि ठरावाची प्रत, एवढंच माहिती अधिकारात मागा. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं, उत्तराची मुदत 30 दिवस. आकारणीच चुकीची ठेवली असेल तर अपील पंचायत समितीकडे होतं. तिथेही पोच घेतलेला तुमचा अर्ज हाच पहिला कागद.

आखीव पत्रिका असेल तर तिच्यावरचा फेरफार वेगळा, भूमी अभिलेख कार्यालयात. ले-आउटचा प्लॉट असेल तर सातबाऱ्यासाठी पटवाऱ्याकडे. ग्रामपंचायतीच्या नोंदीने ती कामं होत नाहीत.

नवा उतारा मिळाला की कार्यालयाच्या पायरीवरच उघडून वाचा. मालकाच्या रकान्यात तुमचं नाव, भोगवटादारात «स्वतः», घर क्रमांक तोच, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, आणि ठरावाचा क्रमांक. मग हाताने लिहिलेली वही आणि संगणकावरची नोंद दोन्ही दाखवायला सांगा. वहीत नाव बदललेलं आणि संगणकात जुनं राहिलेलं असेल, तर पुढचा उतारा पुन्हा जुन्या मालकाच्याच नावाने छापून येतो.