लातूरच्या उन्हाळ्यात कढीपत्ता कसा वाचला

आमची बाल्कनी पश्चिमेची, आणि गेल्या उन्हाळ्यात नळाला पाणी आठवड्यातून एकदा. रोज तांब्याभर पाणी घालूनही कढीपत्ता मान टाकायचा. पाणी घातलं की लगेच खालच्या ताटलीत उतरायचं, म्हणून मला वाटायचं माती भिजली. एकदा बोट खुपसून पाहिलं तर दोन इंचांवर कोरडी ठणठणीत! माती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटली होती आणि सगळं पाणी त्या फटीतून निघून जात होतं.

मग कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली, बुडबुडे थांबेपर्यंत. उरलेलं पाणी इतर झाडांना घातलं. आठ इंची मातीची कुंडी सुंदर दिसते, पण तिच्या भिंतींतूनही ओल उडते. म्हणून संध्याकाळी झाड बारा इंची, फिक्या रंगाच्या प्लास्टिकच्या कुंडीत हलवलं. तळाला भोकं हवीतच. वर नारळाच्या शेंड्या आणि वाळक्या पानांचा दोन इंच थर दिला, खोडापासून दोन बोटं लांब, नाहीतर खोड कुजतं.

पाणी आता सकाळी सातच्या आत. आधी अर्धा तांब्या, दहा मिनिटांनी उरलेलं. पहिल्या पाण्याने माती सैलावते, दुसरं आत मुरतं. मे महिन्यातही तिसऱ्या दिवशी लिटरभर पुरलं. आच्छादनामुळे वरून ओल कळत नाही, म्हणून कुंडी जरा उचलून बघते. हलकी लागली तरच पाणी. पावसाळ्यात मात्र थर काढते, कारण ओल साचून चिलटं होतात.