कढईतलं तेल पेटलं तर: फ्लॅटमध्ये शेव-चिवडा तळणाऱ्यांसाठी

तालुक्याच्या गावी दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दिवाळीची दहा किलो शेवेची ऑर्डर निघते आहे असं धरू. कढईत चार लिटर सोयाबीन तेल, बाजूला तेलाचा पिपा, दाराशी रिकामे खोके. अग्निशमनाची गाडी शेजारच्या मोठ्या गावाहून यायची, म्हणजे पहिली काही मिनिटं तुमचीच.

शेव १७० ते १८० अंशांवर तळली जाते. दारावरची बेल वाजली, तुम्ही उठलात, गॅस मोठाच राहिला, की तेल धुरावतं. आधी पातळ निळसर धूर येतो, मग डोळ्यांना झोंबणारा वास. तेव्हाच गॅस बंद करा. साधारण ३५० अंशांच्या आसपास तेल काडी न लावताही पेट घेतं. तीन-चार घाण्यांचं जुनं, काळपट तेल नव्यापेक्षा लवकर धुरावतं, म्हणून ते पुढच्या ऑर्डरला ठेवू नका. उठायचंच असेल तर गॅस बंद करूनच उठा.

सुरू करण्यापूर्वी इतकं करा. कढई अर्धीच भरा. ओला घाणा टाकताच तेल फसफसून वर येतं आणि बर्नरवर सांडतं. कढईच्या तोंडापेक्षा चार बोटं मोठं लोखंडी किंवा स्टीलचं सपाट झाकण हाताशी ठेवा, काचेचं नको. सिलिंडर शेगडीच्या खाली नको, बाजूला उभा ठेवा, कारण रेग्युलेटर बंद करायला हात ज्वाळेवरून न्यावा लागू नये. पिपा, खोके, प्लास्टिकच्या पिशव्या दुसऱ्या खोलीत न्या. शेगडीपासून दारापर्यंतची वाट मोकळी हवी.

तेल पेटलंच तर पाणी टाकू नका. तेलापेक्षा जड पाणी तळाशी जातं, क्षणात वाफ होऊन कितीतरी पटींनी फुगतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. कढई उचलून मोरीकडेही नेऊ नका, हात भाजला की ती सुटतेच.

हात सुरक्षित पोहोचत असेल तर आधी गॅस बंद करा. मग झाकण ढालीसारखं समोर धरून, आपल्या बाजूच्या काठावरून पुढे सरकवत कढईवर बसवा. वरून आदळू नका. ज्वाळा विझल्या तरी तेल तितकंच तापलेलं असतं. झाकण लगेच उघडलं की हवा मिळते आणि ते पुन्हा पेटतं. निदान अर्धा तास तरी हात लावू नका.

झाकण बसत नसेल, किंवा ज्वाळा कपाटाला, पडद्याला पोहोचल्या असतील तर माल सोडा. सगळ्यांना बाहेर काढा, स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या, शेजाऱ्यांना हाक मारत जिन्यानं उतरा आणि बाहेर गेल्यावर १०१ किंवा ११२ ला फोन करा. पत्त्यासोबत मजला आणि आत किती सिलिंडर आहेत तेही सांगा.